तीन हजारांत केकची जाहिरात: आधी इन्स्टाग्राम, मग गूगल, तेही मोजक्या शब्दांवर

प्रश्न: मी पिंपळे सौदागरला घरूनच एगलेस केक करते. एक किलोचा साधा केक ९०० रुपयांना देते. आठवड्याला चार-पाच ऑर्डर येतात, त्याही सगळ्या ओळखीतून. जाहिरातीसाठी महिन्याला ३००० रुपयांच्या वर काढता येणार नाहीत. भाऊ म्हणतो, गूगलवर टाक, तिथे लोक केक शोधतच येतात. मैत्रीण म्हणते, इन्स्टाग्राम. मागच्या महिन्यात मी एका केकच्या फोटोला ८०० रुपये घालून बूस्ट केलं होतं. १४० लाइक्स आले, ऑर्डर एकही नाही. पैसे नक्की कुठे घालू?

उत्तर:

ताई, पहिले दोन महिने सगळे पैसे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातीवर घाला, पण वाढदिवसाच्या केकसाठी नको. गूगलवर सध्या फक्त फुकटातलं काम करा. पैसे घालून गूगलवर उतरायचं ते तिसऱ्या महिन्यापासून, आणि तेही निवडक शब्दांपुरतं. मी पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घरगुती खाद्यपदार्थवाल्यांच्या जाहिराती बरीच वर्षं सांभाळते आहे. हा क्रम असाच का, ते सांगते.

तुमच्या भावाचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. जो माणूस गूगलवर केक शोधतो त्याला केक हवाच असतो. अडचण ही आहे की त्याला तो बहुतेक वेळा आजच हवा असतो. संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून निघताना, अरे, आज हिचा वाढदिवस, म्हणून फोन काढणारा माणूस `cake delivery near me` असं टाइप करतो. त्याला दोन तासांत केक पोचवणारे दुकानदार आहेत, साखळी बेकऱ्या आहेत, ॲप आहेत, आणि त्या शब्दावर ते सगळे बोली लावून बसलेले असतात. तुम्हाला एक दिवस आधी सांगावं लागतं. म्हणजे त्या माणसाच्या एका क्लिकचे पैसे तुमचे जाणार, तो व्हॉट्सॲपवर विचारणार, "आज मिळेल का?", तुम्ही नाही म्हणणार आणि विषय संपणार. जाहिरात नीट चाललेली असते, क्लिक खरे असतात, माणूसही खरा असतो. फक्त तो तुमचं गिऱ्हाईक नसतो.

आता हिशोब मांडू. ९०० रुपयांच्या केकमागे साहित्याचे ३६०, डबा आणि बोर्डाचे ५०, वीज आणि पोचवायच्या पेट्रोलचे ४० धरले, तर तुमच्या हातात ४५० उरतात. तुमच्या मेहनतीचा मोबदलाही यातूनच निघायचा आहे. म्हणून एक नवीन गिऱ्हाईक मिळवायला १५० रुपयांपर्यंत खर्च परवडतो, फार ताणलं तर २००. हा आकडा स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा, पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्यावर ठरणार आहे.

दुसरी गोष्ट, तुमचे ३००० हे प्रत्यक्षात ३००० नसतात. जाहिरातीच्या पैशांवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला नसेल तर तो परत मिळत नाही. खात्यात आधी पैसे भरून जाहिरात चालवलीत, तर ३००० भरल्यावर वापरायला साधारण २५४२ उरतात.

समजा, हे सगळे पैसे गूगलच्या सर्वसाधारण शब्दांवर घातले. क्लिकला १५ रुपये धरू, म्हणजे १६९ क्लिक. शंभरातले दहा जण मेसेज करतात असं धरलं तर १७ मेसेज, आणि चारातला एक ऑर्डर देतो असं धरलं तर चार केक. म्हणजे एका केकमागे जीएसटी सोडून जाहिरातीचेच ६३५ रुपये, आणि हातात उरतात ४५०. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमच्याकडे क्लिक स्वस्त पडेल किंवा महाग. पण परवडायला लागण्यासाठी ते तिपटी-चौपटीने सुधारावे लागतील, आणि आज केक मागणाऱ्या शब्दांवर तेवढी सुधारणा मी पाहिलेली नाही.

मग इन्स्टाग्रामवर १४० लाइक्स येऊन ऑर्डर का नाही आली? याची कारणं दोन आहेत.

एक कारण बटणाचं. बूस्ट करताना तुम्हाला काय हवं आहे, हे इन्स्टाग्राम-फेसबुक चालवणाऱ्या मेटाची यंत्रणा विचारते आणि तुम्ही जे सांगाल ते करणारी माणसं शोधून आणते. लोकांनी पोस्टला प्रतिसाद द्यावा किंवा प्रोफाइल बघावी एवढंच मागितलं, तर दिसेल त्या सुंदर फोटोला लाइक करणारी माणसं मिळतात. त्यांतली कित्येक तुमच्या स्कूटरच्या टप्प्यात नसतातही. तुम्ही मेसेज मागायला हवे होते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्या परिसरात आज ज्यांना ती जाहिरात दिसली, त्यांच्यातल्या किती जणांकडे येत्या चार दिवसांत वाढदिवस असेल? अगदी थोड्यांकडे. बाकीच्यांनी केक छान आहे म्हणून लाइक केलं आणि पुढे गेले. त्यांच्या घरचा वाढदिवस तीन महिन्यांनी येईल तेव्हा तुमचं नाव त्यांच्या डोक्यात असणार नाही. वाढदिवसाचा केक ही तारखेला बांधलेली वस्तू आहे. इन्स्टाग्राम माणसापर्यंत जातं, पण त्याच्या घरच्या तारखेपर्यंत जात नाही.

म्हणून जाहिरात अशा वस्तूची करायची, जिला तारीख लागत नाही. समजा, शनिवारचा ब्राउनीचा डबा: सहा तुकडे, ३५० रुपये, ऑर्डर गुरुवारी रात्री नऊला बंद, डबा शनिवारी संध्याकाळी चार ते सात या वेळात घरपोच, फक्त तीन किलोमीटरच्या आत. शनिवारी संध्याकाळी चहाबरोबर गोड खायला कुणालाही कारण लागत नाही. ३५० रुपयांत अनोळखी बाईच्या हातचं खाऊन बघायला माणूस तयार होतो. ९०० रुपयांचा केक मात्र तो मुलाच्या वाढदिवसाला, पाहुण्यांसमोर कापणार असतो. तिथे अनोळखी हातावर भरवसा टाकायला तो कचरतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

त्या डब्याबरोबर एक छोटं कार्ड ठेवा, आणि रविवारी एक मेसेज: "ब्राउनी कशी वाटली? घरच्या वाढदिवसांच्या तारखा कळवल्यात तर आठ दिवस आधी आठवण करून देईन." सगळे देत नाहीत, काही जण देतात. त्या दिवसापासून ज्या तारखा इन्स्टाग्रामला शोधता येत नव्हत्या, त्या तुमच्या वहीत असतात. वाढदिवसाच्या केकची तुमची खरी जाहिरात म्हणजे तो आठ दिवस आधीचा मेसेज, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आता हे प्रत्यक्ष कसं लावायचं ते सांगते.

इन्स्टाग्रामवरचं निळं बूस्टचं बटण सोडून द्या आणि संगणकावर मेटाचं Ads Manager उघडा. उद्दिष्ट Engagement निवडा आणि लोकांनी कुठे यावं तिथे WhatsApp. तुमचा व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर फेसबुक पेजला जोडलेला असला पाहिजे. ठिकाण निवडताना शहराचं नाव टाकू नका. नकाशावर तुमच्या सोसायटीवर पिन टोचा आणि भोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ घ्या. पिंपळे सौदागर, रहाटणी आणि वाकडचा काही भाग त्यात येतो. एवढ्याशा वर्तुळातही सोसायट्या इतक्या दाट आहेत की तुमचे पैसे संपतील, माणसं संपणार नाहीत. वय २५ ते ५० ठेवा आणि बाकी आवडीनिवडींच्या चाळण्या लावू नका. बेकिंगची आवड असणारे निवडलेत, तर तुमच्यासारख्याच केक करणाऱ्या बायकांना तुमची जाहिरात दिसत राहील.

रोज १०० रुपये, सलग बारा दिवस, दोन शनिवार त्यात येतील असे. पाच जाहिराती, त्यांचे तीन गट, असा पसारा मांडू नका. मेटाची यंत्रणा एका गटातून आठवड्याला साधारण पन्नास निकाल आले की स्थिरावते असं मेटा स्वतःच सांगतं. रोज १०० रुपयांत तुम्ही तिथवर पोचणार नाही, मग त्यात आणखी तुकडे पाडून काय साधणार? एकच गट ठेवा आणि त्यात फार तर दोन जाहिराती, एक फोटो आणि एक व्हिडिओ.

व्हिडिओबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तीन हजारांत सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. खिडकीपाशी, दिवसाउजेडी, नेहमीच्या ओट्यावर ब्राउनीचा ट्रे ठेवा. वरचा पापुद्रा सुरीखाली कटकन मोडतो तो आवाज यायला हवा. मग तुकडा उचलून कडेने दाखवा, आतला ओलसरपणा दिसू दे. सात-आठ सेकंद पुरे. वर संगीत घालू नका. पहिल्याच सेकंदाला पडद्यावर अक्षरं हवीत: "पिंपळे सौदागर, शनिवारी घरपोच, ६ तुकडे ₹३५०". किंमत आणि परिसर लिहिला की "प्राइस?" आणि "व्हेअर?" एवढंच विचारून गायब होणारी माणसं आधीच गळतात. मेसेजची संख्या कमी दिसेल, दिसू दे. तुमच्या भागात हिंदी बोलणारी कुटुंबंही बरीच आहेत, म्हणून खालचा मजकूर मराठीत दोन ओळी आणि हिंदीत दोन ओळी असा लिहा. एगलेस हा शब्द मात्र ठळक हवा.

जाहिरातीवरून आलेल्या माणसाच्या चॅटमध्ये सुरुवातीलाच ती जाहिरात दिसते. त्या चॅटला व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये एक लेबल लावा आणि ऑर्डर झाली की दुसरं. शिवाय एक साधी वही ठेवा: तारीख, सोसायटी, काय विचारलं, घेतलं की नाही, नाही तर का नाही. "का नाही" हा रकाना लोक भरत नाहीत, आणि उपयोगाचा नेमका तोच असतो.

याचाही हिशोब बघू. १२०० रुपयांत, एका संवादाला ४० रुपये पडले असं धरलं तर ३० जण बोलतील. चारातल्या एकाने घेतला तर सात-आठ डबे. म्हणजे एका डब्यामागे जीएसटी सोडून जाहिरातीचे १५० ते १७०. डब्यात खर्च वजा जाता १७० उरत असतील तर तुम्ही साधारण बरोबरीत सुटलात, आणि एवढंच अपेक्षित आहे. या आठ घरांमधून वर्षभरात पाच-सहा केक गेले, तर त्यांना नव्याने जाहिरातीचा एक रुपयाही लागणार नाही, आणि नफा तिथे आहे. आणि दुसऱ्या शनिवारी जुन्यातल्या तिघांनी पुन्हा डबा मागवला तर बारा दिवसांतच तुम्ही पुढे असाल.

तुमच्या ओव्हनची मर्यादाही विसरू नका. घरच्या ओटीजीत एका वेळी एकच ट्रे बसत असेल, तर शनिवारी दुपारपर्यंत किती डबे होतात ते आधी मोजा. वीस होत असतील तर विसावी ऑर्डर आली की जाहिरात तिथेच थांबवा. डबे संपल्यावर येणाऱ्या मेसेजचे पैसे देण्यात अर्थ नाही.

बिघडतं कुठे आणि ते ओळखायचं कसं? ७०० रुपये खर्च होऊनही पाच जणसुद्धा बोलले नाहीत, तर दोष फोटो-व्हिडिओचा किंवा वस्तूचा. चित्र बदला, वर्तुळ बदलू नका. पंधरा जण बोलले आणि एकानेही घेतलं नाही, तर जाहिरात तिचं काम करते आहे, गाडी तुमच्या व्हॉट्सॲपवर अडते आहे. रहाटणीच्या एका बाईंचं हेच झालं होतं. त्या खात्रीने सांगत होत्या की इन्स्टाग्रामची गिऱ्हाइकं नुसती चौकशी करतात. मी त्यांचे चॅट बघितले. दुपारी दोनला आलेल्या प्रश्नाला उत्तर रात्री साडेनऊला, आणि उत्तर म्हणजे नऊ पानांचं मेन्यू कार्ड. आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. झटपट उत्तर म्हणून तीन ओळी लावल्या, आणि शेवटी एकच प्रश्न: "शनिवारी किती डबे ठेवू?" पैसे तेवढेच राहिले आणि पुढच्या खेपेला ऑर्डर यायला लागल्या.

आता गूगल. फुकटातलं काम म्हणजे Google Business Profile. घरून काम करणाऱ्यांना हे चालतं, कारण तुम्ही गिऱ्हाइकाच्या दारात माल पोचवता. घरचा पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी सेवा देता तो परिसर लिहिता येतो. खातरजमेसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात: रस्ता, इमारत, मग तुमचं काम, ओव्हन, मिक्सर, डबे, हे सगळं न थांबवता एकाच चित्रीकरणात. एफएसएसएआयची नोंदणी झाली असेल तर तो कागदही त्यात दाखवा. नसेल झाली तर जाहिरातीआधी ती करा. `cake shop near me` शोधणाऱ्याला नकाशावर कोण दिसेल, हे गूगल अंतर, जुळणी आणि नावलौकिक यांवर ठरवतं. अंतर तुमच्या हातात नाही, पण लौकिक आहे. दर शनिवारी डबा पोचवल्यावर अभिप्रायाची लिंक पाठवा. ओळखीच्यांकडून एकाच दिवशी वीस अभिप्राय लिहून घेऊ नका, तसे अभिप्राय गूगल काढून टाकू शकतं. आठवड्याला दोन-तीन खरे आले तरी पुरे.

पंधराएक अभिप्राय जमले आणि थीम केकचे, फोटो केकचे स्वतः काढलेले आठ-दहा फोटो तुमच्याकडे झाले, की महिन्याच्या पैशातले १००० गूगलच्या सर्च जाहिरातीला द्या. साध्या केकसाठी नव्हे, तर ज्या केकचा विचार माणूस चार दिवस आधी करतो, त्याच्यासाठी. थीम केक २२०० ला जात असेल आणि त्यात ११०० उरत असतील, तर एका ऑर्डरला २७० रुपये खर्च आला तरी चालतो. तोच खर्च ९०० च्या केकला जड जातो. कुठली जाहिरात चांगली, याचं उत्तर असं केकगणिक बदलतं.

शब्द असे घ्या. चौकटी कंसाचा अर्थ असा की त्याच अर्थाचा शोध असेल तरच जाहिरात दिसावी:

```
[customised cake pimple saudagar]
[theme cake pimpri chinchwad]
[eggless theme cake near me]
[photo cake order pcmc]
```

शोध बहुतेक लोक इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात, म्हणून शब्दही तसेच दिले आहेत. यातल्या एखाद्या शब्दापुढे Low search volume असं दिसेल. म्हणजे तो शब्द इतके कमी लोक शोधतात की गूगल तो चालवतच नाही. शब्द थोडा मोठ्या परिसराचा करून बघा, पण नुसत्या `cake` वर जाऊ नका.

मोहीम बनवताना तीन ठिकाणी हात आखडायचा. Display Network आणि Search Partners या दोन्ही खुणा काढून टाका, त्या बहुतेक आधीच लावलेल्या असतात. ठिकाणाच्या पर्यायात Presence निवडा. नाही तर पिंपरी-चिंचवडविषयी नुसतं काही शोधणारा नागपूरचा माणूसही तुमच्या पैशात जाहिरात बघेल. आणि दिवसाची मर्यादा ३० ठेवलीत तरी एखाद्या दिवशी ६० पर्यंत खर्च दिसेल, घाबरू नका. महिन्याचा एकूण खर्च ३०.४ पटीच्या वर जात नाही.

मग दर चार दिवसांनी Search terms हा तक्ता उघडा. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं होतं ते तिथे बऱ्याच अंशी दिसतं. मी पहिल्यांदा हे तक्ते वाचायला बसले तेव्हा निम्म्याहून जास्त ओळींवर माझी पेन्सिल फिरली होती: `cake recipe without oven`, `cake classes near me`, `cake box wholesale`, `bakery job`. केक शिकणारे, डबे विकत घेणारे, नोकरी शोधणारे, या सगळ्यांच्या क्लिकचे पैसे एका घरगुती बेकरीने भरले होते. `recipe`, `classes`, `course`, `wholesale`, `job`, `franchise`, `free` हे शब्द पहिल्याच दिवशी वगळण्याच्या यादीत टाका. तुम्ही त्याच दिवशी केक देत नसाल तर `same day`, `midnight` आणि `2 hours` हेही.

दिवाळीच्या आधी आणि डिसेंबरात हा क्रम थोडा बदला. दिवाळीच्या भेटीचे डबे ऑफिसातली माणसं आणि सोसायट्यांच्या कमिट्या तीन-चार आठवडे आधी ठरवतात, आणि ऑर्डर एकदम वीस-पंचवीस डब्यांची असते. त्या महिन्यात ब्राउनीची जाहिरात थांबवून सगळे पैसे त्या डब्यावर लावा, आणि सगळ्यात आधी तुमच्या वहीतल्या शनिवारच्या गिऱ्हाइकांना मेसेज करा. डिसेंबरात प्लम केकचा शोध वाढतो, पण बोलीही वाढते. तेव्हा गूगलचे १००० रुपये २० तारखेपर्यंतच चालवा. त्यानंतर शोधणाऱ्याला उद्याच केक हवा असतो, आणि तुमचा ओव्हन तोवर भरलेला असेल.